बीटचा रस आणि सोळाशे मीटरची दौड

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मैदानांवर फजरनंतर पोरांची गर्दी होते आणि त्याच सुमारास घराघरांत बीट किसले जाऊ लागते. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते. कुणीतरी मोबाइलवर वाचलेले असते की बीटच्या रसाने दम 16 टक्क्यांनी वाढतो. मग अम्मी रोज सकाळी ग्लासभर लाल रस पोराच्या हाती देतात. दोन-तीन पालकांनी आम्हाला विचारले, हे खरे आहे का? म्हणून हा महिना बीटसाठी.

पहिली गोष्ट, बीट लाल आहे म्हणून ते रक्त वाढवते असे नाही. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमही नसते. मुलीचे हिमोग्लोबिन कमी असेल तर तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या हाच इलाज आहे. रसावर विसंबून महिने घालवू नयेत. धावण्यात जो काही फायदा होतो तो बीटच्या रंगाचा नाही, त्यातल्या नायट्रेटचा आहे आणि नायट्रेटला रंगच नसतो. ते पालक, मेथी, कोथिंबीर अशा पालेभाज्यांतही भरपूर असते.

हे नायट्रेट पोटातून रक्तात जाते आणि त्यातला काही भाग लाळेत उतरतो. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. ते आपण लाळेबरोबर गिळतो आणि शरीरात त्याचे नायट्रिक ऑक्साइड होते. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि स्नायूंना तेवढेच काम थोड्या कमी ऑक्सिजनमध्ये करता येते. म्हणजे सारा खेळ तोंडातल्या जिवाणूंचा आहे. जंतुनाशक माउथवॉशने ते मरतात आणि रसाचा परिणाम बराचसा जातो. वुजूच्या साध्या पाण्याच्या चुळांनी मात्र ते मरत नाहीत, तेव्हा ती शंका मनात नको.

आता त्या 16 टक्क्यांकडे येऊ. हा आकडा इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या 2009 सालच्या प्रयोगातला आहे. आठ तरुण पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बीटचा रस दिला आणि एका जागी उभ्या केलेल्या सायकलवर, ठरावीक जड भारावर, पाय थांबेपर्यंत पॅडल मारायला सांगितले. दुसरे पेय पिऊन ते सरासरी 9 मिनिटे 43 सेकंद टिकले होते. बीटचा रस पिऊन 11 मिनिटे 15 सेकंद टिकले. आकडा खरा आहे, पण तो टिकण्याचा आहे, वेगाचा नाही. गल्लत इथेच होते.

घरखर्चाच्या हिशेबाने पाहू. एका घरात महिना 10,000 रुपये येतात आणि 11,000 खर्च होतात. शिल्लक 10,000 आहे. दर महिन्याला हजाराची तूट, म्हणजे शिल्लक दहा महिने पुरेल. आता खर्च फक्त 150 रुपयांनी कमी केला, तर तूट 850 वर येते आणि तीच शिल्लक पावणेबारा महिने पुरते. खर्च दीड टक्क्यापेक्षाही कमी घटला, पण टिकण्याचा काळ साडेसतरा टक्क्यांनी वाढला. जड भारावर थकेपर्यंत पॅडल मारताना शरीराचेही असेच होते. खर्चातली लहानशी बचत टिकण्याच्या वेळेत मोठी दिसते.

भरतीत मात्र कोण जास्त वेळ टिकतो ते पाहत नाहीत, ठरलेले अंतर किती सेकंदांत कापले ते पाहतात. तशी चाचणीही एक्सेटरमध्येच झाली. या वेळी तुलनेसाठी नायट्रेट काढून टाकलेला बीटचाच रस होता, म्हणजे चवीवरून कुणाला काही कळू नये. सायकल क्लबातल्या नऊ जणांनी 4 किलोमीटर आणि सुमारे 16 किलोमीटर अंतर पावणेतीन टक्के कमी वेळात कापले. पुढच्या अनेक अभ्यासांत फायदा याहूनही कमी, साधारण एक-दोन टक्के, आणि काहींत काहीच दिसला नाही. आधीच फार तयार असलेल्या खेळाडूंना तो सहसा कमी मिळतो. बहुतेक प्रयोग तरुण पुरुषांवरचे आहेत, मुलींवरचे थोडे.

आता आपल्या मुलाचा हिशेब मांडू. तो 1600 मीटर 6 मिनिटांत, म्हणजे 360 सेकंदांत धावतो. एक टक्का म्हणजे साडेतीन सेकंद, दोन टक्के म्हणजे सात. 16 टक्के वेळ वाचला असता तर जवळपास एक मिनिट झाले असते. तसे होत नाही. साडेतीन सेकंदही गुणाच्या काठावर उभ्या असलेल्या पोराला मोलाचे असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण मैदानावर जायला कंटाळा करणाऱ्या पोराला ते कामाचे नाहीत. काही महिन्यांच्या नियमित सरावाने वेळ याच्या कितीतरी पट कमी होतो.

घ्यायचेच असेल तर वेळ महत्त्वाची. रक्तातले नायट्राइट रस प्यायल्यावर दोन-तीन तासांनी सर्वाधिक असते. चाचणी सकाळी आठला असेल तर रस साडेपाच-सहाला घ्यावा. रमजानमध्ये सहरीला घेतलेला रस असरनंतरच्या सरावापर्यंत बराचसा उतरलेला असतो. प्रयोगांतले प्रमाण साधारण अर्धा लिटर रसाचे आहे, आणि तेवढ्यासाठी घरच्या मिक्सरवर किलोभर बीट लागते. शिवाय जमीन, खत आणि हंगाम यांप्रमाणे बीटमधले नायट्रेट खूप बदलते, त्यामुळे घरच्या ग्लासात नेमके किती उतरले ते सांगता येत नाही. दुप्पट प्यायल्याने दुप्पट लाभ होत नाही. प्रयोगांत ठरावीक प्रमाणापुढे फायदा वाढला नाही.

पहिला प्रयोग चाचणीच्या दिवशी करू नये. काहींच्या पोटात मुरडा येतो. आधी एका सरावाच्या दिवशी रस घेऊन आणि दुसऱ्या दिवशी न घेता, त्याच मैदानावर, त्याच वेळी घड्याळ लावून पाहावे. हे तीन-चार वेळा आलटूनपालटून करावे, कारण एका दिवसाचा फरक झोपेने किंवा उन्हानेही पडतो. लघवी गुलाबी झाली तर घाबरू नये, तो बीटचा रंग आहे.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी हा रस टाळावा, कारण बीटमध्ये ऑक्झलेट जास्त असते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि मधुमेहींनी डॉक्टरांना विचारावे. रस रक्तदाब थोडा उतरवतो आणि त्यात साखरही असते. तान्ह्या बाळाला चमचाभरही देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नायट्रेट किंवा नायट्राइटची पूड कुठूनही आणून पाण्यात घालून पिऊ नये. दोन्ही नावे सारखी वाटतात, पण नायट्राइटचे थोडे प्रमाणही जीवघेणे ठरू शकते.

बीट परवडत असेल आणि पोटाला सोसत असेल तर चाचणीच्या सकाळी जरूर द्यावे. महिनाभर रोज किलोभर बीट घेण्याचे पैसे मात्र आधी चांगल्या बुटांना लावावेत, त्याचा उपयोग रोज होईल.