यंत्र कोठले, विक्रेता कोण?

रक्तदाब मोजण्याचे यंत्र ऑनलाइन मागविताना आपली दृष्टी प्रथम किमतीवर आणि इतर ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांवर जाते. त्याच पानाच्या तळाशी असलेल्या तीन नोंदी मात्र बहुधा न वाचताच राहतात. उत्पादनाचा देश, आयातदार आणि विक्रेता या त्या नोंदी होत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 अन्वये ही माहिती ग्राहकाला खरेदीपूर्वीच दिसली पाहिजे.

समजा, यंत्राचे नाव भारतीय वाटते; परंतु पानावर उत्पादनाचा देश चीन, आयातदार मुंबईची एक कंपनी आणि विक्रेता नागपूरचा एक व्यापारी, असे पत्त्यांसह स्पष्ट लिहिले आहे. हे वाचून बिचकण्याचे कारण नाही. सहा महिन्यांनी दंडाला बांधायच्या पट्ट्याची नळी गळू लागली आणि यंत्र वारंवार चूक दाखवू लागले, तर त्याच मापाचा पट्टा कोणाकडे मागावा, हे आपणांस ठाऊक असते. तोवर व्यापाऱ्याने दुकान बंद केले असले, तरी आयातदाराचा पत्ता हाती उरतो. खऱ्या नोंदीवर विश्वास बसतो तो यामुळेच. गैरसोयीची वाटणारी गोष्टही विक्रेत्याने लपविलेली नसते.

आता उलट उदाहरण पाहा. पानावर देश 'भारत' लिहिला आहे आणि घरी आलेल्या खोक्यावरील चिकटपट्टीवर दुसऱ्याच देशाचे नाव आहे. यंत्र कदाचित नीट चालतही असेल. पण जो विक्रेता देश खरा सांगत नाही, त्याने दिलेल्या हमीपत्रावर तरी कसे विसंबावे?

अशा वेळी खोके टाकून देऊ नये. खोक्यावरील मजकुराचे आणि पडद्यावरील पानाचे छायाचित्र घ्यावे, बिल जपावे आणि परतीची मुदत संपण्यापूर्वी तक्रार नोंदवावी. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे नियमाने बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

एक मर्यादा ध्यानात असावी. देशाचे नाव यंत्राच्या अचूकतेची ग्वाही देत नाही. त्यासाठी नवे यंत्र एकदा डॉक्टरांकडे न्यावे आणि त्यांच्या यंत्रावरील मापाशी ताडून पाहावे. बिघाड झाल्यास उत्तर कोणी द्यायचे, एवढेच त्या तीन नोंदी सांगतात. ज्या घरात औषधाची मात्रा यंत्रावरील आकडा पाहून ठरते, तेथे तेवढे कळणेही अगत्याचे असते.