अंडं, पाणी आणि मे महिना

कॅफेत टोस्टवर ऐटीत बसलेलं पोच्ड एग ऑर्डर करणं सोपं असतं हो. वर्ध्यात, मे महिन्यात, आईच्या किचनमध्ये ते करणं वेगळं! माझं पहिलं अंडं पाण्यात पडलं आणि त्याच्या पातेलंभर पांढऱ्या चिंध्या झाल्या. आई दारातूनच म्हणाली, “काय करून राहिली गं? हे खायचं आहे का धुवायचं?”

मी लगेच व्हिनेगर वाढवलं. दुसऱ्या अंड्याच्याही चिंध्याच, फक्त आंबट!

दोष अंड्यांचा होता. ताज्या अंड्यात बलकाभोवती घट्ट पांढरा भाग असतो. दिवस जातात तसा तो पातळ होतो, आणि पंचेचाळिशीच्या उन्हाळ्यात दुकानातल्या उघड्या ट्रेमध्ये तर फारच लवकर. व्हिनेगर पांढऱ्याला पटकन गोठायला मदत करतं, पण पातळ झालेलं पुन्हा घट्ट करू शकत नाही. लिटरभर पाण्याला एक टेबलस्पून साधं पांढरं व्हिनेगर पुरे.

म्हणून तिसरं अंडं आधी ग्लासभर गार पाण्यात सोडून पाहिलं. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं. हे किंचित कललं, म्हणजे मधलं. मग ते चहाच्या मोठ्या गाळणीत फोडलं. पातळ पाणी दहा-पंधरा सेकंदांत खाली गेलं आणि घट्ट भाग बलकासकट वर राहिला. तो अलगद वाटीत घेतला.

आता पाणी. खळखळतं अजिबात नको, उकळ्या अंड्याला फाडतात. एकदा उकळून गॅस बारीक करायचा. तळाशी बारीक बुडबुडे चिकटलेले, वर वाफ, पृष्ठभाग जेमतेम थरथरतोय, म्हणजे साधारण ८० ते ८५ अंश. वाटी पाण्याला टेकवून अंडं सरकवायचं आणि घड्याळ लावायचं.

माझं तीन मिनिटांत झाऱ्याने काढलं. पांढरा भाग गोठलेला, बोटाने दाबलं तर आतला बलक फुग्यासारखा लिबलिबीत. चार मिनिटांत तो कडेने धरतो, मध्ये मधासारखा राहतो. फ्रिजमधून थेट काढलेलं असेल तर अर्धं मिनिट जास्त.

पण चौथं अंडं ताईचं होतं. सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिलाही “तसंच वाहतं” हवं होतं. इथे मी ठाम! कच्च्या बलकातून साल्मोनेलाचा धोका असतो, आणि ही अंडी कुठल्या उन्हात किती दिवस बसली होती कोण जाणे. तिचं सहा मिनिटं ठेवलं. दाबलं तर घट्ट लागलं, तरी सुरीने मधोमध कापलं. मध्यभागी अजून ओलसर चकाकी दिसली, तशी दोन्ही अर्धी आणखी मिनिटभर पाण्यात सोडली.

ताई रुसली. आईने त्यावर तिखट-मीठ भुरभुरलं आणि म्हणाली, “उकडलेलंच तर आहे, एवढा तमाशा कशाला?”