‘सलीम बी’ म्हणजे कोणता सलीम?



आमच्या खालांना मागच्या महिन्यात मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला. त्याआधी त्यांच्याकडे बटनाचा साधा फोन होता आणि त्यातले सगळे नंबर मरहूम खालूंनी भरलेले होते. जुने सिम आकाराने मोठे, नव्या फोनचा खाचा अगदी लहान. म्हणून दुकानदाराने त्याच नंबरचे नवे, लहान फोर-जी कार्ड दिले. नंबर तोच राहिला, पण घरी येऊन पाहतात तर नावांची यादी कोरी!

“बेटा, तुझ्या खालूंचे सगळे लोक गेले,” खाला फोनवर म्हणाल्या. त्यांची खरी काळजी वेगळीच होती. आजारपणात खालूंनी सांगितले होते, “बार्शीच्या सलीमचे सहा हजार द्यायचे राहिलेत.” मयताच्या डोक्यावरचे कर्ज, आणि ज्याचे द्यायचे त्याचा नंबरच हरवलेला.

मी पहिला प्रश्न विचारला, “जुने कार्ड फेकले तर नाही ना?” ते बटव्यात होते. मग निम्मे काम झाले म्हणायचे.

मोबाईल नंबर हा कंपनीच्या नोंदीत असतो. म्हणून नवे कार्ड घेतले तरी तो तोच राहतो. पण सिमवर सेव्ह केलेली नावे फक्त त्या कार्डाच्या चिपमध्ये असतात. कंपनीकडे त्यांची नक्कल नसते, त्यामुळे नव्या कार्डावर ती आपोआप येत नाहीत. जुने कार्ड बंद झाले की त्यावरून फोन लागत नाही, मात्र त्यातली नावे वाचता येतात. म्हणून कार्ड बदलताना जुने कार्ड दुकानात सोडून येऊ नका.

जुने कार्ड आम्ही पुन्हा बटनाच्या फोनमध्ये घातले. नेटवर्क नाही असे पडद्यावर आले, पण यादी उघडली. कार्डाला पिनचे कुलूप असेल आणि पिन आठवत नसेल, तर मात्र अंदाजाने आकडे टाकत बसू नका. तीन वेळा चुकले की कार्ड अडकते.

साध्या फोनमध्ये नावे ठेवायच्या दोन जागा असतात, एक सिम आणि दुसरी फोनची स्वतःची मेमरी. पडद्यावर दोन्ही एकाच यादीत दिसतात, म्हणून आपल्याला फरक कळत नाही. नावांच्या सेटिंगमध्ये फक्त सिम, फक्त फोन किंवा दोन्ही दाखवण्याची सोय असते. आम्ही एकेक करून पाहिले. सिमवर 187 नावे होती आणि फोनमध्ये 64. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले, कारण शेवटी हिशेब जुळवायला तेच लागतात.

सिमवरची नावे वाचताना मी थांबले. `Shaikh Salim B` हे नाव दोनदा आले होते आणि नंबर वेगवेगळे होते. खाला म्हणाल्या, “एक बार्शीचा, एक भिवंडीचा. पण कुठला कोण?”

सिममध्ये प्रत्येक नावासाठी ठराविक लांबीचा कप्पा असतो. बहुतेक कार्डांत इंग्रजी अक्षरांत लिहिलेली साधारण 14 अक्षरे मावतात, आणि मधली मोकळी जागाही त्यात मोजली जाते. मोजून पाहा. `Shaikh` ची सहा, एक मोकळी जागा, `Salim` ची पाच, पुन्हा एक जागा, म्हणजे तेरा झाली. चौदावे अक्षर `B`. बार्शी असो की भिवंडी, पुढचे सगळे कापले गेले. आपल्याकडे शेख, सय्यद, पठाण ही नावे आधी लिहायची सवय, त्यामुळे ओळख पटवणारा शब्द नेमका शेवटी येतो आणि तोच कटतो.

मराठीत किंवा उर्दूत नाव लिहिले तर जागा आणखी कमी पडते. बरेच फोन या लिपींच्या एका अक्षराला दोन घरे देतात, त्यामुळे चौदाच्या कप्प्यात जेमतेम सहा अक्षरे बसतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘अब्दुल’ या शब्दात अ, ब, हलन्त, द, उकार, ल असे सहा होतात. म्हणजे ‘अब्दुल रहमान’ आणि ‘अब्दुल करीम’ दोघेही सिमवर नुसते ‘अब्दुल’ होऊन बसतील.

सिमवर कापले गेलेले नाव सिममधून परत येत नाही, कारण उरलेली अक्षरे तिथे लिहिलीच गेलेली नसतात. फोनच्या मेमरीतले नाव मात्र बरेच लांब असू शकते. म्हणूनच ‘आधी सगळे सिमवर कॉपी करा, मग सिम नव्या फोनमध्ये घाला’ हा सल्ला मला पटत नाही. फोनमध्ये जी नावे पूर्ण आहेत, तीही त्या वाटेने कापली जातात. नावे सिमवरून फोनकडे न्यायची, फोनवरून सिमकडे कधीच नाही.

आम्हीही तेच केले. जुन्या फोनमध्ये सिमवरून फोनमध्ये `Copy` निवडले. तिथे `Move` हाही पर्याय असतो, त्याला हात लावू नका. `Copy` मध्ये मूळ नावे कार्डावर राहतात, `Move` मध्ये ती पुसली जातात आणि मध्येच बॅटरी संपली तर पंचाईत होते. फोनच्या मेमरीत तेवढी जागा आहे का, तेही आधी बघावे. आमचा आकडा 251 झाला. 187 आणि 64 यांची बेरीज बरोबर.

जुने कार्ड कापून नव्या फोनमध्ये बसवण्याचा पर्याय दुकानदाराने सुचवला होता. तो शेवटचा ठेवावा. जुनी कार्डे नव्यापेक्षा किंचित जाड असतात, खाच्यात अडकू शकतात, आणि कापताना चिपला धक्का लागला तर यादी कायमची जाते. तुमचे कार्ड मुळातच लहान आकाराचे असेल आणि सगळी नावे सिमवरच असतील, तर काम सोपे आहे. ते स्मार्टफोनमध्ये घाला, `Contacts` उघडा आणि तिथल्या व्यवस्थेच्या भागात `Import from SIM` शोधा. कापलेली नावे मात्र कापलेलीच येतील.

खालांची नावे आम्ही ब्लूटूथने पाठवली. दोन्ही फोनचे ब्लूटूथ चालू केले, जोडणी केली आणि आधी फक्त एक नाव पाठवले. स्मार्टफोनवर ते फाईल म्हणून येते, तिच्या नावाशेवटी `.vcf` असते. तिच्यावर बोट ठेवले की ती `Contacts` मध्ये उघडते. एकच नाव आधी पाठवायचे ते परीक्षेसाठी, आणि मराठी नावे असतील तर त्यातलेच एक निवडावे. नावाच्या जागी `=E0=A4=B8` असे काहीतरी दिसले, तर नव्या फोनला जुन्या फोनची लिहिण्याची पद्धत कळली नाही असे समजावे. अशी नावे हाताने लिहावी लागतात, पण नंबर बरोबर आलेला असतो. आमची परीक्षा नीट पार पडली, मग सगळी नावे निवडून एकदम पाठवली. काही साध्या फोनमध्ये एकेकच नाव पाठवता येते. काहींत यादीचा बॅकअप मेमरी कार्डवर घेता येतो. तुमच्या फोनला ब्लूटूथच नसेल, तर ब्लूटूथ असलेला दुसरा बटनाचा फोन तासभर मागून आणा आणि कार्ड त्यात घालून हेच करा. तुमच्या फोनच्या मेमरीतली नावे मात्र त्यात दिसणार नाहीत, ती पाहून लिहून घ्यावी लागतील.

फाईल उघडताना फोन विचारतो, नावे कोणत्या खात्यात ठेवायची? इथे घाई करू नका. खालांच्या फोनमध्ये मुलाने स्वतःचे जीमेल टाकून ठेवले होते. तेच निवडले असते तर खालांची 251 नावे मुलाच्या फोनमध्येही जाऊन मिसळली असती, आणि त्याने नको म्हणून एखादे नाव पुसले की इकडचेही गेले असते. आम्ही खालांच्या नावाने वेगळे खाते उघडले, पासवर्ड त्यांच्या डायरीत लिहिला आणि नावे त्यात ठेवली. नुसती फोनमध्ये ठेवली असती, तर फोन हरवला की नावेही हरवली असती.

आता यादीत बरीच माणसे दोनदा दिसत होती, कारण ती सिमवरही होती आणि फोनमध्येही. स्मार्टफोन अशी नावे एकत्र करण्याचे सुचवतो. हे काम सगळ्यात शेवटी करा. त्याला दोन `Shaikh Salim B` एकच माणूस वाटू शकतात. आपण होकार दिला की बार्शी आणि भिवंडी एकाच नावाखाली, आणि मग ओळखणे आणखी अवघड. आधी कापलेली नावे दुरुस्त करायची. चौदा अक्षरांवर अर्धवट तुटलेली नावे शोधली, नंबर सारखा असलेले पूर्ण नाव यादीत आहे का पाहिले. असे 42 जण निघाले. त्यांचे पूर्ण नाव ठेवले, तुटके पुसले. 209 नावे उरली.

सलीम मात्र दोन्ही सिमवरच होते, त्यांचे पूर्ण नाव कुठेच नव्हते. खालांनी पहिला नंबर लावला. तो भिवंडीचा निघाला, खालूंच्या इंतकालाची खबर त्यांना नव्हती, फोनवर रडले बिचारे. दुसरा बार्शीचा. त्यांना कर्जाचे आठवतही नव्हते, पण खालांनी हट्टाने सहा हजार पाठवले. मग मी दोन्ही नावे बदलून `Barshi Salim` आणि `Bhiwandi Salim` अशी लिहिली. ओळखीचा शब्द आधी. उद्या पुन्हा कुठे कापले गेले तरी शेपूटच जाईल.

शेवटी एक तपासणी केली. काही स्मार्टफोन सिमवरची नावे नुसती दाखवतात, ती फोनमध्ये आलेली नसतात, आणि आपण गाफील राहतो. म्हणून कार्ड काढून यादी उघडायची. आम्ही कार्ड काढले, 209 चा आकडा तसाच राहिला. जुने कार्ड खालांनी पुन्हा बटव्यात ठेवले. मीही म्हटले, राहू द्या.