नायट्रोजन मोजता आणि प्रोटीन म्हणता?

घोडबंदर रोडला टॉवर झाले, गोठे कमी झाले, आणि आता दूध म्हणजे पिशवी नाहीतर पावडरचा डबा. म्हणून 2008 चं चीनचं प्रकरण पुन्हा लिहितोय. लोक म्हणतात, "चिनी माणूस लबाड." लबाडी होतीच, पण मोजायची पद्धतच तिला दार उघडून बसली होती, हे कुणी बोलत नाही.

पशुखाद्याच्या गोणीवर 'क्रूड प्रोटीन' लिहिलेलं असतं ना? ते प्रोटीन कुणी थेट मोजत नाही. केल्डाल पद्धतीत नमुना गंधकाच्या तेजाबात उकळतात, निघालेला नायट्रोजन मोजतात आणि 6.25 ने गुणतात. दुधाला 6.38 ने. या हिशोबात आपला युरिया, 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे 287 टक्के प्रोटीन! हसू नका, कागदावर तसंच येतं.

मेलामाइन (ज्याच्या ताटल्या बनतात तेच) यात सुमारे 66 टक्के नायट्रोजन. एक ग्रॅम टाकलं की तपासणीत सव्वाचार ग्रॅम प्रोटीन दिसतं. आता हिशोब करा. लिटरभर दुधात 32 ग्रॅम प्रोटीन. त्यात पाव लिटर पाणी घातलं तर लिटरला साडेपंचवीस ग्रॅमच उरतं. तूट साडेसहा ग्रॅमची, ती भरायला दीड ग्रॅम मेलामाइन पुरतं. पाणी दुधाच्या भावात गेलं.

सानलू कंपनीच्या पावडरमध्ये किलोला अडीच ग्रॅमपर्यंत मेलामाइन सापडलं. सुमारे 3 लाख मुलं आजारी पडली, सरकारी आकड्याप्रमाणे 6 दगावली.

पण मोठ्यांना सोडून तान्ह्यांनाच का भोवलं? मेलामाइन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीवाटे निघतं. मूत्रपिंड लघवीतलं पाणी परत ओढून घेतं, तेव्हा ते दाट होत जातं. तान्ह्या मुलाच्या लघवीत यूरिक ॲसिड जास्त असतं. दोन्ही एकमेकांना चिकटतात, स्फटिक बनतात आणि बारीक नळ्या तुंबतात. त्यात मूल दुसरं काही खात नाही, सकाळ-संध्याकाळ तीच पावडर, आणि वजन पाच-सहा किलो. लघवी अडली की मूत्रपिंड बसतं. हे खडे साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. मऊ असल्यामुळे बऱ्याच मुलांचे भरपूर पाणी आणि औषधाने निघूनही गेले.

आपण सप्टेंबर 2008 मध्ये चिनी दूध-पावडरीवर बंदी घातली. बरं केलं. पण नुसता नायट्रोजन मोजून 'प्रोटीन पास' म्हणणारा कागद मला चालणार नाही. दुधात ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड घातलं की खरं प्रोटीन फाटून खाली बसतं, आणि युरिया-मेलामाइन वरच्या पाण्यात राहतं. दोन्हीचा नायट्रोजन वेगळा मोजा, चोरी लगेच दिसते. पद्धत जुनी आहे, लॅबवाल्यांना माहीत आहे. मग कागदावर दोन आकडे का छापत नाहीत, हे तुमच्यातल्या लॅबवाल्यांनी खाली लिहा.