क्रिएटिनचा डबा आणि किडनीचा धाक

तालमीत किंवा जिममध्ये एखादा पोरगा क्रिएटिनचा डबा घेऊन आला की दोन पक्ष लगेच उभे राहतात. एक पक्ष सांगतो, "किडन्या घालवशील." दुसरा सांगतो, "महिनाभर घे, आरशात स्वतःला ओळखणार नाहीस." बहुतेक पोरं दुसऱ्या पक्षाचं ऐकून डबा विकत घेतात आणि पहिल्या पक्षाला भिऊन तो अर्ध्यावर सोडतात. निरोगी माणसाच्या बाबतीत पहिला पक्ष सपशेल चुकीचा आहे आणि दुसरा अर्ध्यामुर्ध्या खऱ्यावर धंदा करतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी पहिल्या पक्षाकडे वळू. त्याचा पुरावा निव्वळ ऐकीव नाही, तो लॅबच्या कागदावर छापलेला असतो. क्रिएटिन घेणाऱ्याने रक्त तपासलं की सीरम क्रिएटिनिनचा आकडा 1.3 वगैरे येतो, त्यापुढे चांदणी असते आणि खाली ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, घसरलेला दिसतो. घरात रडारड होते. पावडर बंद केली की काही आठवड्यांनी आकडा खाली येतो, आणि मग तर खात्रीच पटते. सुरू केलं तेव्हा बिघडलं, बंद केलं तेव्हा सुधारलं, आणखी काय हवं?

हवं ते एवढंच, की तो आकडा कशाचा आहे हे पाहावं. क्रिएटिन आपल्या शरीरात मुळातच असतं. सत्तर किलोच्या माणसात सुमारे 120 ग्रॅम, त्यातलं पंचाण्णव टक्के स्नायूंत. या साठ्यातला पावणेदोन टक्क्यांच्या आसपासचा भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. लॅबचं गणित असं गृहीत धरतं की हा टाकाऊ माल वयाच्या आणि लिंगाच्या मानाने ठरावीकच तयार होतो, त्यामुळे तो रक्तात जास्त दिसला तर गाळणी कमी पडते आहे. स्नायू जास्त असतील, साठा वाढवलेला असेल, आदल्या रात्री मटण झालं असेल, तर हे गृहीतक तिथेच मोडतं. घरी पाहुणे आले म्हणून कचऱ्याची बादली लवकर भरली, तर घंटागाडी बंद पडली असं कोणी म्हणत नाही.

हे केवळ तर्काने सांगून भागणार नाही, म्हणून एक प्रत्यक्ष प्रकरण पाहू. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2010 साली एका वीस वर्षांच्या तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला एकच किडनी होती, तिचं कामही किंचित कमी होतं, शिवाय त्याच्या आहारात प्रथिनं भरपूर होती. म्हणजे पहिल्या पक्षाच्या हिशेबाने हा गडी सर्वांत आधी आडवा व्हायला हवा. त्याला पाच दिवस रोज 20 ग्रॅम आणि पुढे तीस दिवस रोज 5 ग्रॅम क्रिएटिन दिलं. सीरम क्रिएटिनिन 1.03 वरून 1.27 वर गेलं. त्यावरून काढलेली गाळण्याची क्षमता 88 वरून 71 वर उतरली. कोणत्याही दवाखान्यात हा कागद पाहून कपाळाला आठ्या पडल्या असत्या. पण संशोधकांनी क्रिएटिनिनवर विसंबून न राहता किरणोत्सारी खूण लावलेलं एक द्रव्य टोचून किडनी ते किती वेगाने गाळते हे थेट मोजलं होतं. आधी 81.6, नंतर 82.0. लघवीतून जाणारी प्रथिनंही वाढली नव्हती. बदलला तो फक्त अंदाज, किडनी होती तिथेच होती.

एका माणसाच्या पस्तीस दिवसांवर सगळा डोलारा उभा करू नये, हे मान्य. पण हे प्रकरण एकटं नाही. बेल्जियमच्या पूर्तमान्स आणि फ्रान्को यांनी 1999 साली, काही महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत क्रिएटिन घेणाऱ्या खेळाडूंच्या किडन्या तपासल्या. गट लहान होता, पण बिघाड सापडला नाही. त्यानंतरच्या नियंत्रित अभ्यासांनीही निरोगी माणसांत वेगळं काही दाखवलेलं नाही.

पहिल्या पक्षाच्या भात्यात एक खरा बाण मात्र आहे. 1998 साली 'लॅन्सेट'मध्ये एका पंचवीस वर्षांच्या रुग्णाची हकिगत आली. क्रिएटिन सुरू केल्यावर त्याच्या किडनीचे आकडे घसरले आणि बंद केल्यावर सुधारले. याच हकिगतीवरून युरोपात बोंब उठली. ती ओरडून सांगणारे एक गोष्ट गाळतात. या तरुणाला किडनीचा जुना आजार होता आणि तो वर्षानुवर्षं सायक्लोस्पोरिन घेत होता, जे औषध स्वतःच किडनीवर कठीण जातं. यातून निष्कर्ष निघतो तो असा की किडनीचा आजार असलेल्याने, किडनीवर ताण टाकणारी औषधं चालू असलेल्याने किडनीतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या डब्याला हात लावू नये. तो मी जसाच्या तसा मान्य करतो. ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्याने आधी तपासणी करावी हेही आलं.

बाकीच्यांनी चांदणी दिसली तर काय करायचं? डॉक्टरांना क्रिएटिन घेतो हे सांगायचं, लपवायचं नाही. सिस्टॅटिन सी ही रक्ताची तपासणी करून घ्यायची. ती स्नायूंच्या साठ्यावर फारशी अवलंबून नसल्यामुळे क्रिएटिन घेतलं म्हणून हलत नाही. जोडीला लघवीतलं अल्ब्युमिन पाहायचं आणि त्याआधी दोन दिवस जड व्यायाम टाळायचा, कारण घाम गाळून आलेल्याच्या लघवीत अल्ब्युमिन तात्पुरतं वाढू शकतं. सिस्टॅटिन सी वाढलेलं असेल किंवा अल्ब्युमिन जात असेल, तर प्रकरण खरं आहे. तेव्हा हा लेख बाजूला ठेवून तज्ज्ञाकडे जायचं.

आता 'अमेरिकेत पैलवान मेले' हा आक्षेप. 1997 च्या अखेरीस तिथले तीन कॉलेजचे पैलवान महिन्याभराच्या अंतरात दगावले आणि बोट क्रिएटिनकडे गेलं. तपासात निघालं ते असं की तिघंही वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, हवा न खेळणारे रबरी पोशाख घालून, गरम जागेत घाम गाळत होते. मृत्यू उष्णतेने आणि शरीरातलं पाणी आटल्याने झाले. कॉलेज कुस्तीच्या नियमांत त्यानंतर बदल झाले ते वजन तोडण्याच्या रीतीबाबत. आपल्याकडच्या वजनगटातल्या मल्लाने मात्र यातून एक गोष्ट उचलावी. क्रिएटिनने पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो वजन वाढू शकतं आणि ते मुख्यतः स्नायूंत ओढलेलं पाणी असतं. गटाच्या काठावर असताना हे वजन चढवायचं आणि मग स्पर्धेआधी पाणी तोडून उतरवायचं, हा शुद्ध मूर्खपणा आहे.

केस गळण्याची भीती दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंच्या 2009 च्या एका लहान अभ्यासातून आली. त्यात डीएचटी हे हार्मोन वाढलेलं दिसलं, केस कोणी मोजलेच नव्हते. 2025 मध्ये बारा आठवड्यांच्या चाचणीत केसही तपासले, तेव्हा फरक दिसला नाही. या मुद्द्याला याहून जास्त जागा देण्याची गरज नाही.

दुसऱ्या पक्षाशी भांडण वेगळं आहे. त्यांचा लाडका दाखला 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचा. लिनफर्ड क्रिस्टीने शंभर मीटरचं सुवर्ण घेतलं आणि तो क्रिएटिन घेत होता अशा बातम्या आल्या. पण एका माणसाच्या पदकातून त्याने जे जे खाल्लं त्याचं श्रेय काढता येत नाही. शिवाय शंभर मीटर एकदाच धावण्याच्या चाचण्या पाहिल्या तर निकाल डळमळीत आहेत. काहींत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास फायदा दिसतो, काहींत काहीच नाही.

याचं कारण स्नायूत शोधावं लागतं. जोराच्या धडकेत स्नायू एटीपी जाळतो आणि ते तात्काळ भरून देण्याचं काम फॉस्फोक्रिएटिन करतं. हा साठा काही सेकंदांच्या पूर्ण जोरात बराचसा खर्च होतो आणि पुन्हा भरायला काही मिनिटं लागतात. एकाच शर्यतीसाठी आहे तो साठा जवळजवळ पुरतो, आणि वाढलेलं किलोभर वजन धावपटूलाच वाहावं लागतं. पण सरावात तो तीस मीटरचे सहा-आठ स्टार्ट मारतो, मध्ये दोन-तीन मिनिटं दम घेतो. पाचव्या-सहाव्या स्टार्टला जिथे पाय जड व्हायचे, तिथे साठा मोठा असेल तर वेग थोडा जास्त टिकतो. लिफ्टरला शेवटच्या सेटमध्ये एखादी रेप जास्त निघते. क्रिएटिनचा फायदा या सरावात आहे. शर्यतीच्या सकाळी चमचा तोंडात टाकून काही होत नाही.

हा फायदा किती? रॉसन आणि व्होलेक यांनी 2003 साली बावीस अभ्यास एकत्र मांडले. वजन मारण्याचा सराव करणाऱ्यांची ताकद नुसत्या सरावाने सरासरी 12 टक्के वाढली, क्रिएटिन घेणाऱ्यांची 20 टक्के. म्हणजे शंभर किलोची बैठक मारणारा एरवी 112 वर पोचला असता तो 120 वर पोचला. आठ किलो ही थट्टा नाही. पण वाढलेल्या वीस किलोंतले बारा किलो घामाचे आहेत, हे डब्यावर कोणी छापत नाही. ही सरासरी आहे हेही विसरू नये. ज्यांचा साठा आधीच भरलेला असतो त्यांना थोडंच मिळतं. शाकाहारी माणसाचा साठा बहुधा कमी असतो, कारण आहारातलं क्रिएटिन मांसमासळीतूनच येतं, त्यामुळे त्याला फरक जास्त जाणवण्याचा संभव असतो.

मात्रेबद्दलचा घोळ हल्टमन यांच्या गटाने 1996 मध्येच मिटवला. रोज 20 ग्रॅम सहा दिवस घेतलं किंवा रोज 3 ग्रॅम अठ्ठावीस दिवस घेतलं, तरी स्नायूंतला साठा सुमारे वीस टक्क्यांनी सारखाच वाढतो. म्हणून स्पर्धा पुढच्या आठवड्यात नसेल तर लोडिंगची घाई कशाला? एका वेळी जास्त घेतलं की पोट बिघडतं, ही याची सर्वांत खरी तक्रार आहे. रोज 3 ते 5 ग्रॅम, कधीही, पाण्यात किंवा दुधात. साधं मोनोहायड्रेटच घ्यावं. इथिल एस्टर किंवा बफर्ड म्हणून दुपटीने विकले जाणारे प्रकार तपासले गेले आहेत आणि ते सरस ठरलेले नाहीत. अठराच्या आतल्या मुलांवरचे अभ्यास तुलनेने थोडे आहेत. शाळकरी पोराला डबा आणून देणाऱ्या बापाने आधी त्याची झोप आणि जेवण पाहावं.

आणि भीतीच बाळगायची तर ती भेसळीची बाळगावी. क्रिएटिन वाडाच्या बंदी यादीत नाही, पण डब्यात दुसरं काय आहे याची हमी लेबल देत नाही. कोलोनच्या प्रयोगशाळेने तेरा देशांतली 634 पूरकं तपासून 2004 मध्ये निकाल प्रसिद्ध केले. त्यातल्या सुमारे पंधरा टक्क्यांत लेबलवर न लिहिलेले हार्मोनजन्य पदार्थ निघाले. डोपिंगच्या नियमांत खेळाडूच्या शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, 'दुकानदाराने दिलं' म्हटल्याने ती टळत नाही. ज्याची लघवी नाडा तपासू शकते, त्याने ज्या बॅचची स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे तोच डबा घ्यावा, बॅच नंबरचा फोटो आणि पावती जपून ठेवावी, आणि जिममधल्या ओळखीच्या माणसाने सुट्या पिशवीत दिलेली पावडर कितीही स्वस्त असली तरी परत करावी.