ईदचा माल उशिरा जाणार असेल तर गिऱ्हाइकाला काय लिहावे?

अहिल्यानगर जिल्ह्यात नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावसारख्या गावी बसून शिलाईचा कारागीर आज पुण्या-मुंबईची ऑर्डर फोनवर घेऊ शकतो. पैसे आगाऊ येतात, माल पार्सलने जातो. मात्र या धंद्यात गिऱ्हाईक दुकानदाराचा चेहरा पाहत नाही, त्याच्या हाती फक्त आपला शब्द असतो. सणाला माल उशिरा जाणार असेल तर बहुतेक व्यापारी बांधव गप्प बसतात आणि फोन आला की "कुरियरवाल्याकडे अडकले आहे" म्हणून वेळ मारून नेतात. आमच्या मते धंद्याचे खरे नुकसान येथेच होते.

एक हिशेब मांडून पाहू. 2025 साली रमजान ईद 31 मार्चला, सोमवारी झाली. चंद्रदर्शन 29 व्या रोजाला, म्हणजे रविवारी 30 तारखेला झाले. त्याच दिवशी गुढीपाडवाही होता. तीस रोजे धरून "सोमवारी माल पोहोचला तरी चालेल" असे ज्याने मानले, त्याचा सोमवार ईदचाच निघाला. रविवार सुटीचा. तेव्हा "ईदपूर्वी" या शब्दाचा खरा अर्थ शनिवार, 29 मार्च एवढाच होता. चंद्रावर अवलंबून असलेल्या सणाला "ईदपूर्वी देऊ" असे न लिहिता तारीख लिहावी.

आता समजा, 21 मार्चच्या रात्री एका कारागिराकडे 48 कुर्ते शिवायचे आहेत आणि सर्वांना 28 तारीख दिली आहे. दिवसाला सहा कुर्ते होतात. पार्सलला तीन दिवस धरले तर माल 25 तारखेला गावातून निघाला पाहिजे. 22 ते 25 या चार दिवसांत 24 कुर्ते होतील. उरलेल्या 24 गिऱ्हाइकांचा माल उशिरा जाणार, हे त्याच रात्री कळते, त्यासाठी पार्सल अडकण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून माफीचा निरोप 22 तारखेच्या सकाळीच गेला पाहिजे. तेव्हा कापड कापलेले नसते, गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली तरी फारसे काही बुडत नाही. तोच निरोप 28 ला गेला तर शिवलेला कुर्ता अंगावर पडतो आणि परतीचे भाडेही भरावे लागते.

निरोप असा असावा:

"आपला पांढरा कुर्ता 28 मार्चला देण्याचे आम्ही कबूल केले होते. आम्ही काम जास्त घेतले, त्यामुळे तो 27 तारखेला येथून निघेल. पोहोचण्यास तीन दिवस धरावेत. ईदपूर्वी मिळेलच अशी खात्री आम्ही देऊ शकत नाही. याबद्दल माफी असावी. नको असल्यास 24 तारखेपर्यंत कळवावे, आपले 900 रुपये त्याच दिवशी परत पाठवू. ईदनंतर चालत असल्यास तसेही कळवावे."

यात "अपरिहार्य कारणास्तव" हे शब्द नाहीत. कोणती वस्तू, किती उशीर, चूक कोणाची आणि पैसे कधी परत, एवढेच आहे. शेवटचे वाक्य विशेष उपयोगी पडते. ज्यांना ईदनंतर चालते ते मागे सरतात, आणि ज्याच्या घरी खरोखर अडले आहे त्याचा कुर्ता पुढे घेता येतो. नवी तारीख मात्र एक-दोन दिवस राखूनच द्यावी. पहिली तारीख चुकली तर गिऱ्हाईक सांभाळून घेते, दुसरी चुकली की पुन्हा फिरकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून हा निरोप पाठवू नये. ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच तो मिळतो, नवीन गिऱ्हाईक नेमके वगळले जाते. चोवीस निरोप एकेक करून पाठवावेत, आणि संध्याकाळपर्यंत ज्याने वाचला नाही त्याला फोन करावा.

मोठ्यांनाही हे करावे लागले आहे. 6 ऑक्टोबर 2014 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, फ्लिपकार्टच्या मोठ्या विक्रीत गोंधळ झाला. दुसऱ्याच दिवशी संस्थापक सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांना माफीचे पत्र पाठवले. किमतींतील बदल, संपलेला माल, रद्द झालेल्या ऑर्डरी आणि वेबसाइटचा बिघाड, प्रत्येकाबद्दल त्यात वेगळे लिहिले होते.

कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकणाऱ्याला, सांगितलेल्या तारखेनंतर पोहोचलेला माल परत घेण्यास वा पैसे देण्यास नकार देता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. ईदची गर्दी दरवर्षी येते, तिला आपत्ती म्हणता येईल असे आम्हांस वाटत नाही.