तिरके पट्टे मारले की जास्त गाड्या बसतात? गणित अर्ध्या मीटरवर अडते

सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सुचवते, 'पट्टे तिरके मारून घ्या, चार गाड्या जास्त बसतील.' तिरक्या रांगेत गाडी सहज आत शिरते, मधला रस्ताही कमी लागतो. म्हणजे जागा वाचणारच, असा सरळ हिशेब. प्रत्यक्षात बहुतेक आयताकृती जागांमध्ये सरळ, म्हणजे मधल्या रस्त्याला काटकोनात मारलेल्या पट्ट्यांमध्येच जास्त गाड्या मावतात. तिरके पट्टे जिंकतात ते जागेची रुंदी एका अरुंद टप्प्यात असेल तेव्हाच.

एक उदाहरण घेऊ. इमारतीच्या बाजूला ४० मीटर लांब आणि १५.५ मीटर रुंद मोकळी जागा आहे, दोन्ही टोकांना गेट आहे आणि मोटारी आहेत २८ कुटुंबांकडे. एका गाडीसाठी २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरू. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही मोटारीसाठी हेच माप आहे.

सरळ पट्टे मारले तर?

दोन्ही बाजूंना गाड्या आणि मध्ये रस्ता, अशी रचना करायची. सरळ जागेत गाडी घालताना चालकाला पूर्ण ९० अंश वळावे लागते, त्यामुळे मधला रस्ता साधारण ६ मीटर ठेवतात. दोन्ही बाजूंचे ५-५ मीटर आणि मधले ६, एकूण १६ मीटर. आपल्याकडे आहेत १५.५. दुसरी रांग अर्ध्या मीटरसाठी हुकली.

मग उरते एकच सरळ रांग. ४० मीटरमध्ये अडीच-अडीच मीटरच्या १६ गाड्या. समोरच्या भिंतीला समांतर गाड्या लावता येतात, पण पुढे-मागे करून आत शिरायला प्रत्येकीला साधारण ६ मीटर लांबी हवी, म्हणजे आणखी ६. एकूण २२ गाड्या. सहा कुटुंबे बाहेर रस्त्यावर.

आणि ६० अंशांत तिरके?

येथे बहुतेकांची फसगत होते. गाडी तिरकी केली की तिची रांग कमी खोल होते असे वाटते. तसे होत नाही. ६० अंशांत लावलेल्या चौकटीचा कोपरा बाहेर येतो आणि रांगेची खोली ५ मीटरवरून जवळपास ५.६ मीटर होते. ४५ अंशांतही ती ५.३ मीटर भरते. वाचतो तो फक्त मधला रस्ता. वळण कमी असल्याने आणि वाहतूक एकाच दिशेने असल्याने ६० अंशांना साधारण ४.२ मीटर रस्ता पुरतो.

दोन रांगांचे मिळून ११.१६ मीटर आणि रस्त्याचे ४.२, म्हणजे १५.३६ मीटर. आपल्या १५.५ मीटरमध्ये हे बसते. रस्त्यात १.८ मीटर वाचले, पण त्यातले १.१६ मीटर रांगांनीच खाल्ले. निव्वळ बचत ६४ सेंटीमीटर.

या बचतीची किंमत लांबीत मोजावी लागते. सरळ गाडी रस्त्याच्या कडेने २.५ मीटर घेते, ६० अंशांतली २.८९ मीटर. शिवाय रांगेच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी तुकडे उरतात, त्यात फार तर स्कूटर उभी राहते. ४० मीटरमध्ये अशा १३ गाड्या बसतात, दोन्ही रांगा मिळून २६. सरळ रचनेपेक्षा चार जास्त. म्हणजे या जागेपुरते सभेतले म्हणणे खरे ठरले.

आता तेवढाच तर्क पुढे नेऊन कोणी ४५ अंश सुचवेल. त्यात रस्ता साधारण ३.६ मीटरवर भागतो आणि एकूण रुंदी १४.२ मीटर होते. मात्र प्रत्येक गाडी कडेने ३.५४ मीटर अडवते. रांगेत १० आणि एकूण २० गाड्या. समांतर गाड्यांची जोड दिलेल्या सरळ रचनेत २२ होत्या, त्याहूनही कमी.

हीच जागा १६ मीटर रुंद असती तर? दोन्ही बाजूंना सरळ रांगा, १६ अधिक १६, थेट ३२ गाड्या. तेव्हा ६० अंश तिरके पट्टे मारणे म्हणजे सहा गाड्यांवर पाणी सोडणे. ६० अंशांचा फायदा साधारण १५.४ ते १६ मीटर या पट्ट्यापुरताच आहे. त्यामुळे कोनावर वाद घालण्याआधी टेप घेऊन रुंदी मोजावी. तीही तीन-चार ठिकाणी, कारण कंपाउंडची भिंत क्वचितच सरळ असते.

अर्धा मीटर मिळवता येईल का?

अनेक ठिकाणी येतो. बहुतेक मोटारींचे नाक पुढच्या चाकांच्या पुढे ६० ते ८० सेंटीमीटर असते. भिंतीलगत फुलझाडांची पट्टी असेल, तिचा कठडा १० सेंटीमीटरच्या आसपास ठेंगणा असेल, तर चाक कठड्याला टेकते आणि नाक झाडांवर तरंगते. फरसबंदी साडेचार मीटर असूनही गाडीला पाच मीटर मिळतात. १५.५ मीटरच्या जागेला एका बाजूला अशी अर्ध्या मीटरची पट्टी लागून असेल, तर १६ मीटर भरतात आणि ३२ गाड्या बसतात. कठडा उंच असेल किंवा पट्टीत मेंदीचे कुंपण असेल तर हे जमत नाही. शिवाय गाडी उलटी लावली तर झाडे धुराने करपतात, हेही गृहीत धरावे.

पेंटरकडे सोपवले तर तो वेगळी वाट काढतो. सरळ पट्टे मारून मधला रस्ता साडेपाच मीटरचा करतो. कागदावर ३२ गाड्या दिसतात. रोज त्याच जागी छोटी गाडी लावणारे रहिवासी दोन-तीनदा पुढे-मागे करून निभावतीलही. पण समोर लांब एसयूव्ही उभी असेल आणि तिचे शेपूट रस्त्यात आलेले असेल, तर उरलेला रस्ता पाच मीटरच्या आसपास येतो. रचना चुकली आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. जमिनीवर टायरचे काळे अर्धगोल उमटतात, गाड्या पट्ट्यांवर चढून उभ्या राहतात आणि कोपऱ्यातल्या जागा गर्दीच्या वेळीही रिकाम्या राहतात.

तिरक्या रचनेचे सगळे गणित मात्र एका अटीवर उभे आहे: एका गेटने आत आणि दुसऱ्याने बाहेर. उलट दिशेने आलेल्या चालकाला त्याच जागेत शिरायला ६० ऐवजी १२० अंश वळावे लागते, आणि ४.२ मीटर रस्त्यात ते होत नाही. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागणार. उदाहरणातल्या सोसायटीने सुरक्षेसाठी मागचे गेट रात्री बंद ठेवायचे ठरवले, तर २६ गाड्यांची ती रचना रात्री आठनंतर चालणार नाही. अशा ठिकाणी २२ गाड्यांची सरळ रांगच ठेवावी, किंवा फुलझाडांच्या पट्टीचा कठडा उतरवून ३२ चा प्रयत्न करावा. तोही करताना बंद टोकाच्या शेवटच्या गाडीला मागे येऊन वळण्यासाठी साधारण एक-दीड मीटर मोकळे सोडावे लागते, म्हणजे प्रत्येक रांगेतली एक जागा कमी होऊन ३० गाड्या उरतात. २८ कुटुंबांना त्या पुरतात.